परिचय छोटा केल्याने माणूस छोटा होत नाही

‘साहेबांच्या परिचयातली एकही ओळ काढायची नाही.’ अलिबाग, पेण, रोहा, मुरूड, श्रीवर्धन. रायगड जिल्ह्यात कुठेही परिसंवाद ठरला आणि कार्यक्रमपत्रिका छापायला निघाली, की आयोजन समितीच्या बैठकीत हे वाक्य कुणीतरी उच्चारतेच. वक्त्याने चार-पाच पानी बायोडाटा पाठवलेला असतो. पत्रिकेत प्रत्येक वक्त्यासाठी शंभर शब्दांची जागा ठरलेली असते. मग बायोडाटा जसाच्या तसा बारीक टाइपात कोंबला जातो, किंवा सुरुवातीचा मजकूर भरून जागा संपेल तिथे तोडला जातो, किंवा सगळ्या पदांची एक लांबलचक माळ ओवली जाते. विचारपूर्वक केलेली काटछाट मात्र कुणालाच नको असते.

या वृत्तीमागे एक पक्के मत आहे आणि ते मांडणारी माणसे ते मनापासून मांडतात. ती म्हणतात, परिचय हा वक्त्याचा सन्मान आहे. त्याने आयुष्यभर मिळवलेली पदे, पदव्या, पुरस्कार गाळणारे आपण कोण? ती म्हणतात, काय महत्त्वाचे आणि काय नाही हे ठरवणे हा आगाऊपणा आहे, त्यापेक्षा सगळ्यातले थोडे थोडे घ्यावे म्हणजे कुणाची तक्रार उरत नाही. ती असेही म्हणतात, की एकदा परिचय तयार झाला की तो कुठल्याही कार्यक्रमाला चालतो, दर वेळी नव्याने लिहायची गरज काय? आणि शेवटी, हे कारकुनी काम आहे. डीटीपी करणारा मुलगा जागेत बसवून देईल.

मला या मतातले जवळजवळ काहीही मान्य नाही. या समजुतीने आपल्याकडचे कितीतरी चांगले वक्ते श्रोत्यांना अनोळखी राहिले आहेत, म्हणून तिचा मुद्द्यागणिक प्रतिवाद करायला हवा. आणि तो हवेत न करता एका खऱ्या आयुष्यावर करायला हवा. त्यासाठी याच जिल्ह्यातला, ज्याचा बायोडाटा कापायला कुणाचाही हात थरथरेल असा माणूस घेतो: चिंतामणराव देशमुख.

त्यांचा बायोडाटा आज मांडायचा तर साधारण असा होईल. जन्म 14 जानेवारी 1896, महाड तालुक्यातील नाते. बालपण रोह्यात. 1912 च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला क्रमांक आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात निसर्गविज्ञानाचा अभ्यास, 1917 मध्ये ट्रायपॉस, वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक. 1918 मध्ये आय.सी.एस. परीक्षेत पहिला क्रमांक. मध्य प्रांत व वऱ्हाडात महसूल आणि जिल्हा प्रशासन, पुढे सचिवालय. 1931 च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत सचिव म्हणून काम. 1939 मध्ये रिझर्व्ह बँकेत, 1941 मध्ये डेप्युटी गव्हर्नर, 1943 ते 1949 गव्हर्नर. 1944 मध्ये ‘सर’ हा किताब आणि त्याच वर्षी ब्रेटन वुड्स परिषदेतील भारतीय शिष्टमंडळाचे सदस्यत्व. 1950 ते 1956 केंद्रीय अर्थमंत्री, नियोजन आयोगाचे सदस्य, 1952 मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर. 1956 ते 1961 विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. 1959 मध्ये मॅगसेसे पुरस्कार. 1962 ते 1967 दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट आणि इंडिया इंटरनॅशनल सेंटर या संस्थांचे अध्यक्षपद. 1969 मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक. मेघदूताचा मराठी अनुवाद, संस्कृत काव्य. 1974 मध्ये इंग्रजी आत्मचरित्र. 1975 मध्ये पद्मविभूषण.

आणि हा संक्षेप आहे. समित्या, मानद पदव्या, दीक्षान्त भाषणे, लेख घातले तर पाच-सहा पाने सहज भरतील. आता समजा, 1976 साली अलिबागला ‘ग्रामीण पतपुरवठा’ या विषयावर परिसंवाद ठरला आहे, बीजभाषणाला चिंतामणराव येणार आहेत आणि पत्रिकेत त्यांच्यासाठी शंभर शब्द आहेत. असा परिसंवाद झाला नाही. सराव म्हणून तो कल्पू. काय करायचे?

पहिला आक्षेप सन्मानाचा. शंभर शब्दांत हा माणूस मावेल का? अर्थातच मावणार नाही. पण त्याला मावायला सांगितले आहे कुणी? कार्यक्रमपत्रिकेतला परिचय हे मानपत्र नव्हे. मानपत्र माणसाला उद्देशून असते, त्याच्यासमोर वाचले जाते आणि त्यालाच दिले जाते. पत्रिका श्रोत्याच्या हातात असते. तो सकाळच्या चहाच्या वेळी ती उघडतो आणि एका प्रश्नाचे उत्तर शोधतो: या विषयावर मी या माणसाचे का ऐकावे? त्याला दुपारच्या समांतर सत्रांपैकी एक निवडायचे असते, भाषणानंतर कोणता प्रश्न विचारावा हे ठरवायचे असते. वक्त्याच्या वनस्पतिशास्त्राच्या पारितोषिकाने त्याला यातले काही ठरवता येते का? ते पारितोषिक मोठे आहे, पण ग्रामीण पतपुरवठ्याच्या सभागृहात ते त्याच्या कामाचे नाही. ते गाळण्यात पारितोषिकाचा अपमान नाही आणि चिंतामणरावांचाही नाही. अपमान झालाच तर तो श्रोत्याचा होतो, जेव्हा त्याला हवी असलेली ओळ आपण नको असलेल्या तीस ओळींखाली पुरतो.

बायोडाटा लांब का असतो हेही समजून घेतले पाहिजे. तो नेमणुकीसाठी आणि पदोन्नतीसाठी लिहिलेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या शैक्षणिक कामगिरीला गुणांक लावले, तेव्हापासून तर प्रत्येक शोधनिबंध, प्रत्येक चर्चासत्र, प्रत्येक समिती नोंदवून ठेवणे ही त्यांची गरज झाली. छाननी समितीला सगळे लागते, कारण ती मोजते. श्रोता मोजत नाही, तो ऐकायला आलेला असतो. एका वाचकासाठी केलेला कागद दुसऱ्याच्या हातात तसाच ठेवणे याला आदर म्हणायचे, की काम टाळणे?

‘पण आम्ही कुठे निवड करायची, सुरुवातीचे शंभर शब्द घेतो,’ असा एक सोपा मार्ग काढला जातो. वरच्या बायोडाटाला तो लावून पाहा. नाते, रोहा, मॅट्रिक, शिष्यवृत्ती, केंब्रिज, ट्रायपॉस, पारितोषिक, आय.सी.एस., मध्य प्रांत. संस्थांची पूर्ण नावे आणि तपशील घालून हे लिहिले की शंभर शब्द भरतात आणि आपण जेमतेम 1931 पर्यंत पोहोचतो. रिझर्व्ह बँकेचे नावही आलेले नसते. म्हणजे पतपुरवठ्याच्या परिसंवादात देशाच्या मध्यवर्ती बँकेचा माजी गव्हर्नर एक हुशार विद्यार्थी आणि एक प्रांतिक अधिकारी म्हणून ओळखला जाईल. कालक्रम हा बायोडाटाचा सांगाडा आहे, परिचयाचा नव्हे. परिचयाची सुरुवात त्या कामापासून व्हायला हवी, ज्यासाठी वक्त्याला बोलावले आहे. जन्म आणि शाळा लागलीच तर शेवटी, तीही श्रोत्यांशी काही नाते जोडत असेल तरच.

दुसरा आक्षेप जास्त फसवा आहे: सगळ्यातले थोडे थोडे घ्या. त्यातून तयार होणारा परिचय आपण सर्वांनी वाचलेला आहे:

‘ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ, थोर प्रशासक, संस्कृत पंडित व विचारवंत असलेले चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, केंद्रीय अर्थमंत्री, नियोजन आयोगाचे सदस्य, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष, इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे अध्यक्ष असून त्यांना मॅगसेसे पुरस्कार, पद्मविभूषण आदी अनेक पुरस्कारांनी गौरविण्यात आले आहे. त्यांनी अनेक ग्रंथ लिहिले असून देश-विदेशात व्याख्याने दिली आहेत.’

यातली एकही गोष्ट छोटी नाही; तरीही वाचून झाल्यावर हाती काय लागते? पदांची नावे. त्या पदांवर बसून या माणसाने काय केले, याचा एक शब्द नाही. कुठले पद कधी होते, हेही नाही. वाक्याच्या रचनेमुळे ही सगळी पदे ते आजही एकाच वेळी सांभाळत आहेत असे वाटते. आणि सुरुवातीची चार विशेषणे पाहा. ‘ज्येष्ठ’, ‘थोर’, ‘पंडित’, ‘विचारवंत’ हे शब्द त्याच पत्रिकेतल्या पुढच्या प्रत्येक वक्त्यालाही लावलेले असतात. जो शब्द सगळ्यांना लागू पडतो तो कुणाचीच ओळख करून देत नाही. शंभर शब्दांत अशा विशेषणांनी आणि ‘अनेक’, ‘आदी’, ‘विविध’, ‘देश-विदेशात’ यांनी वीस-पंचवीस शब्द खाल्ले, तर एका खऱ्या कामगिरीची जागा गेली. कुणाची तक्रार येऊ नये म्हणून लिहिलेला परिचय कुणालाच काही सांगत नाही.

मग निवड कशी करायची? इथे ‘हा आगाऊपणा आहे’ असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो, विषय तुम्हीच ठरवला ना? वक्ताही तुम्हीच निवडला ना? ज्या कारणाने निवडला ते कारण लिहून काढणे म्हणजेच परिचय. बायोडाटाची पाने घेऊन बसावे आणि प्रत्येक ओळीपाशी एकच प्रश्न विचारावा: आजच्या विषयावर बोलण्याचा या माणसाचा अधिकार या ओळीतून कळतो का? कळत असेल तर खूण करावी. चिंतामणरावांच्या बाबतीत ग्रामीण पतपुरवठ्यासाठी अशा खुणा फार थोड्या ओळींवर पडतात, आणि एक महत्त्वाची खूण तर बायोडाटात नसलेल्या गोष्टीवर पडते. ते अर्थमंत्री असताना, 1955 मध्ये, इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. त्यामागे अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीची शिफारस होती आणि पाच वर्षांत किमान चारशे नव्या शाखा उघडण्याचे बंधन नव्या कायद्याने तिच्यावर घातले. ग्रामीण कर्जावरच्या परिसंवादात याहून नेमकी ओळ कुठली? पण पदांच्या यादीत ती सापडत नाही, कारण ती पद नाही, काम आहे. म्हणूनच हे काम डीटीपी करणाऱ्यावर सोपवता येत नाही. विषय जाणणाऱ्यानेच ते करावे लागते.

त्या खुणांवरून लिहिलेला परिचय असा होईल:

‘चिंतामणराव देशमुख यांनी भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (1943–1949) आणि केंद्रीय अर्थमंत्री (1950–1956) म्हणून काम केले. सरकारी सेवेच्या सुरुवातीला मध्य प्रांत व वऱ्हाडात त्यांनी जमीनमहसूल आणि जिल्हा प्रशासनाचे काम पाहिले. त्यांच्या गव्हर्नरपदाच्या काळात 1949 मध्ये रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. ते अर्थमंत्री असताना ग्रामीण पतपाहणी समितीच्या शिफारशीनुसार 1955 मध्ये इम्पीरियल बँकेतून स्टेट बँक उभी राहिली. पाच वर्षांत किमान चारशे नव्या शाखा उघडण्याची जबाबदारी कायद्याने तिच्यावर आली. 1952 मध्ये ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेले; 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’ हे त्यांचे आत्मचरित्र (1974). महाड तालुक्यातील नाते हे त्यांचे जन्मगाव.’

शब्द मोजले तर ते शंभराच्या आत बसतात. यात केंब्रिज नाही, आय.सी.एस.चा पहिला क्रमांक नाही, मॅगसेसे नाही, पद्मविभूषणसुद्धा नाही. तरीही वरच्या यादीपेक्षा इथे माणूस मोठा दिसतो की लहान? कर्जासाठी सावकाराच्या दारी जाणारा शेतकरी ज्याने पाहिला, त्या श्रोत्याला या परिचयातून कळते की समोरच्या वक्त्याने जिल्ह्याच्या कचेरीपासून देशाच्या तिजोरीपर्यंत हा प्रश्न हाताळलेला आहे. तो पहिला प्रश्न स्टेट बँकेच्या शाखांबद्दल विचारेल. परिचयाने त्याचे काम केले.

कापताना खरा धोका वेगळाच असतो, आणि सन्मानाच्या गोष्टी करणारे त्याच्याकडे लक्षच देत नाहीत. ओळ गाळल्याने माणसाचे नुकसान होत नाही. वाक्यातला चुकीचा शब्द गाळल्याने होते. ‘पहिले भारतीय गव्हर्नर’ यातला ‘भारतीय’ हा एक शब्द वाचवायला गेलात की विधान खोटे होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ, दुसरे जेम्स टेलर, चिंतामणराव तिसरे. ‘1956 मध्ये मंत्रिपद सोडले’ एवढेच ठेवून ‘मुंबईच्या प्रश्नावर’ हे दोन शब्द काढलेत, तर वाचणाऱ्याच्या मनात भलताच संशय येईल. ज्या कृतीने महाराष्ट्रात त्यांचे नाव घराघरात पोहोचले ती एखाद्या प्रकरणासारखी भासेल. ‘स्टेट बँक स्थापन केली’ असे लिहिलेत तर दोन शब्द वाचतात, पण समिती, संसद आणि सरकार यांचे श्रेय एका माणसाच्या खात्यावर जाते. म्हणून ‘ते अर्थमंत्री असताना’ हे शब्द महाग पडले तरी ठेवायचे. हाच प्रकार ब्रेटन वुड्सचा. ‘भारताचे प्रतिनिधित्व केले’ असे लिहिणे सोपे, पण त्या शिष्टमंडळाचे नेते जेरेमी रेझमन होते. चिंतामणराव सदस्य होते आणि ‘शिष्टमंडळाचे सदस्य’ असेच लिहिले पाहिजे. आणि आज कुणी हाच परिचय नव्याने करताना ‘रायगडचे खासदार’ असे लिहील, तर तेही चूक. तो मतदारसंघ तेव्हा कुलाबा होता. जिल्ह्याला रायगड हे नाव 1981 मध्ये मिळाले.

अशा चुका ओळखायच्या कशा? वाक्य कापून झाले की मूळ बायोडाटातल्या वाक्याशेजारी ठेवावे आणि पाहावे: काय गाळले याने फरक पडत नाही, पण जे उरले ते अजूनही तंतोतंत खरे आहे का? तेच उत्तर वक्त्याकडूनही घ्यावे. कापलेला परिचय वक्त्याला परत पाठवून, ‘यातले तथ्य तपासून अमुक तारखेपर्यंत कळवा, शब्दमर्यादा शंभर आहे’ असे स्पष्ट लिहिले, तर कुणीही वक्ता रागावत नाही. वक्त्याला खरा राग येतो तो सोडलेल्या पदाचा उल्लेख ‘सध्या’ म्हणून झाला की, आणि व्यासपीठावर स्वतःबद्दलची चूक दुरुस्त करत भाषणाची सुरुवात करावी लागली की. तो प्रसंग टाळण्याची ताकद पाच पानी बायोडाटात नाही. काळजीने तपासलेल्या शंभर शब्दांत आहे.

आता तिसरे मत: एक परिचय सगळीकडे चालतो. वरच्या परिचयाची हीच परीक्षा घेऊ. त्याच वर्षी, त्याच गावात, संस्कृत साहित्याचे संमेलन आहे आणि तेच चिंतामणराव त्याचे पाहुणे आहेत असे समजा. ग्रामीण पतपुरवठ्याचा परिचय तिथे वाचला तर श्रोत्यांना वाटेल, हे बँकेचे साहेब चुकून इकडे आले. इथे पहिली ओळ 1912 ची हवी: संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती आणि मॅट्रिकचा पहिला क्रमांक. त्यानंतर मेघदूताचा मराठी अनुवाद, गांधीवचनांचा संस्कृत पद्यानुवाद ‘गांधीसूक्तिमुक्तावली’ आणि त्यांची स्वतःची संस्कृत कविता. मग विद्यापीठ अनुदान आयोग आणि दिल्ली विद्यापीठ, कारण भाषांच्या उच्च शिक्षणाशी त्या पदांचा संबंध आहे. रिझर्व्ह बँक आणि अर्थमंत्रिपद एका उपवाक्यात, शेवटी. पतपुरवठ्याच्या परिचयात ज्या शिष्यवृत्तीला जागाच नव्हती ती इथे मथळ्याशी आली, आणि तिथे ज्या स्टेट बँकेने सर्वांत जास्त शब्द घेतले ती इथे नाहीशी झाली. माणूस एकच, बायोडाटा एकच, शंभर शब्दांचे परिचय मात्र दोन. यातला कुठला परिचय ‘खरा’? दोन्ही. आणि दोन्हीकडे चालेल असा तिसरा परिचय कुठला? वर उद्धृत केलेली ती पदांची माळ. ती दोन्हीकडे सारखीच निरुपयोगी ठरते.

यावर काही जण शेवटचा बाण सोडतात: हे सगळे चिंतामणरावांसारख्या मोठ्या माणसाला ठीक, त्यांच्याकडे निवडायला खूप आहे, लहान वक्त्याला तर आहे ते सगळे द्यावे लागते. माझ्या मते शंभर शब्दांच्या मर्यादेचे खरे मोल नेमके इथेच आहे. आपल्या किनाऱ्यावर खारभूमीच्या प्रश्नावर चर्चासत्र घेतले, तर व्यासपीठावर एक अभियंता असेल, एक प्राध्यापक असेल आणि एखाद्या खारीतला शेतकरी असेल, ज्याने बांधाला खांड गेलेली पाहिली, रात्रीच्या भरतीत माती टाकून ती बुजवली, उघाडीचे दार निकामी झाल्यावर शेतात शिरलेल्या खाऱ्या पाण्याने किती हंगाम गेले हे ज्याला वर्षागणिक सांगता येते. प्राध्यापकांचा बायोडाटा बारा पानी. शेतकऱ्याचा बायोडाटा नाहीच. आहे तसे छापण्याच्या पद्धतीत प्राध्यापकांना दोन पाने मिळतात आणि शेतकऱ्याला ‘प्रगतिशील शेतकरी’ हे दोन शब्द. त्या सभागृहात कुणाचे ऐकायचे हे पत्रिकेने आधीच ठरवून टाकले.

शंभर शब्दांचा नियम दोघांना लावला की चित्र बदलते. प्राध्यापकांच्या बारा पानांतून खारभूमीशी संबंधित काम निवडावे लागते. शेतकऱ्याकडे जाऊन विचारावे लागते: खार कुठली, क्षेत्र किती, खांड कोणत्या वर्षी गेली, बांध कुणी आणि कशाने बांधला, भात पुन्हा कधी पिकले, गावकीने वर्गणी कशी काढली? ही उत्तरे लिहिली की शंभर शब्द सहज भरतात, आणि तो परिचय कुठल्याही पदाच्या यादीपेक्षा वजनदार असतो. एका बाजूला कापायचे आणि दुसऱ्या बाजूला विचारून भरायचे, हे एकाच कामाचे दोन भाग आहेत. जे कापायला नकार देतात ते विचारायलाही जात नाहीत, हा माझा अनुभव आहे.

जागेचे गणितही याच बाजूने आहे. पत्रिका साधारण पुस्तकाच्या आकाराची असते. छायाचित्र, नाव, भाषणाचा विषय आणि शंभर शब्द, असे दोन वक्ते एका पानावर वाचता येतील अशा टाइपात मावतात. सूत्रसंचालकाने हाच मजकूर व्यासपीठावरून वाचला तर साधारण मिनिटभर लागतो. वीस मिनिटांच्या भाषणाआधी सहा मिनिटे परिचय चालतो तेव्हा वेळ कुणाचा जातो? शेवटच्या वक्त्याचा. त्याला ‘वेळेअभावी’ अशी चिठ्ठी दिली जाते. ज्यांच्या सन्मानासाठी लांब परिचय वाचले, त्यांच्याच पंक्तीतल्या एकाचे बोलणे त्यासाठी कापले गेले. माणसाची पदे कापायची नाहीत, पण त्याचे म्हणणे कापलेले चालते, हा कुठला आदर?

म्हणून माझे म्हणणे स्वच्छ आहे. लांब बायोडाटा जपून ठेवावा. तो वक्त्याचा दस्तऐवज आहे आणि छाननी समितीला, अभ्यासकाला, चरित्रकाराला तो लागेल. पण कार्यक्रमपत्रिकेत त्याला जागा नाही. तिथे जागा आहे ती शंभर शब्दांना, आणि ते शंभर शब्द विषय जाणणाऱ्या माणसाने, त्या एका कार्यक्रमासाठी, नव्याने लिहिले पाहिजेत. पहिल्या वाक्यात ते काम यावे ज्यासाठी वक्त्याला बोलावले आहे. पदाबरोबर वर्ष यावे. विशेषणाच्या जागी घडलेली गोष्ट यावी. गाळताना जे उरते ते खरे राहते का हे पाहावे आणि छापण्याआधी ते वक्त्याच्या नजरेखालून जावे. अर्थमंत्र्यालाही शंभर आणि खारीतल्या शेतकऱ्यालाही शंभर. जी आयोजन समिती हे करायला तयार नाही, तिने वक्ता निवडताना विचार केलेला नाही, त्याचे फक्त नाव छापले आहे. ज्याला आपण मानाने बोलावले, त्याने काय केले आहे ते शंभर शब्दांत सांगता येण्याइतके आपण त्याला ओळखलेच पाहिजे. एवढेही ओळखत नसू तर त्याला व्यासपीठावर बसवण्याचा आपल्याला अधिकार नाही.